नाईट शिफ्टनंतरचा रिपोर्ट: सिगारेट, अपुरी झोप, ताण आणि एका सुपरवायझरचा लिपिड प्रोफाइल

हे प्रकरण चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका सुपरवायझरचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय कुठे अडले आणि का घेतले गेले, हे मात्र घडलं तसं मांडलं आहे.

पार्श्वभूमी

वय ३९. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लाइन सुपरवायझर. दर आठवड्याला पाळी बदलते, तीही उलट्या क्रमाने: या आठवड्यात तिसरी, पुढच्या आठवड्यात दुसरी, त्यानंतर पहिली. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७६ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर, रक्तदाब १३६/८८. बघताना कोणी त्यांना लठ्ठ म्हटलं नसतं, पण भारतीय पुरुषासाठी कंबर ९० च्या आत असावी लागते.

पंधरा वर्षांपासून सिगारेट, दिवसाला साधारण बारा. पहिली उठल्यापासून वीस मिनिटांच्या आत. कंपनीच्या व्हेंडिंग मशीनचा तयार गोड चहा दिवसाला सात-आठ कप. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात दिवसाची झोप जेमतेम साडेचार तास, कारण सकाळी आठला घरी पोचल्यावर मुलांची शाळा, मग मोबाइल, आणि दुपारी दोनला शेजारचं बांधकाम सुरू. त्यातच गावाकडे भावाबरोबर जमिनीच्या वाटणीचा वाद कोर्टात. वकिलाचे आणि भावाचे फोन बहुतेक झोपायच्या वेळीच यायचे.

वडिलांची अँजिओप्लास्टी वयाच्या ५२ व्या वर्षी झालेली. ही गोष्ट त्यांनी पहिल्या भेटीत अगदी जाता जाता सांगितली. पुढे एका मोठ्या निर्णयात तीच महत्त्वाची ठरली.

अडचण काय होती

कंपनीच्या वार्षिक आरोग्य तपासणीत त्यांचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, असा आला: एकूण कोलेस्टेरॉल २२८, ट्रायग्लिसराइड ४१२, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३१. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर. एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या, रकान्यात आकडाच नव्हता, तिथे ‘गणना शक्य नाही’ अशी नोंद होती.

ते घाबरूनच माझ्या दवाखान्यात आले. ओळखीच्या एका औषधविक्रेत्याने ट्रायग्लिसराइडची गोळी आजपासूनच सुरू करा असं सांगितलं होतं, आणि एका सहकाऱ्याने तेल-तूप पूर्ण बंद करायला लावलं होतं. दोन आठवडे त्यांनी कोरडी भाकरी खाल्ली होती. सिगारेटबद्दल मात्र कोणी काही बोललं नव्हतं, कारण रिपोर्टवर सिगारेटचा रकाना नसतो.

“डॉक्टर, तूप सोडलं तरी हा आकडा खाली का येत नाही?” असं त्यांनी विचारलं. खरं तर दुसरी तपासणी झालीच नव्हती, त्यामुळे आकडा खाली आला की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. प्रश्न मात्र बरोबर होता, कारण ४१२ मागे तुपापेक्षा इतर गोष्टीच जास्त होत्या.

पहिला निर्णय: हा रिपोर्ट धरायचा का?

नमुना कधी घेतला, हे विचारल्यावर चित्र बदललं. बुधवारी रात्री मित्रांबरोबर बसणं झालं होतं, तीन मोठे पेग. गुरुवारी सुट्टी, दिवसभर गावच्या वादावर बैठक. गुरुवारी रात्री तिसऱ्या पाळीला गेले, म्हणजे चोवीस तासांच्या आसपास सलग जागे. रात्री अडीचला कँटीनमध्ये दोन वडापाव, पहाटे पाचला चहा. आणि शुक्रवारी सकाळी सातला, पाळी सुटता सुटता, तपासणी कँपमध्ये रक्त दिलं. फॉर्मवर ‘उपाशीपोटी’ला खूण होती, कारण ‘सकाळी काही खाल्लं का’ एवढंच कोणीतरी विचारलं होतं.

ट्रायग्लिसराइड हा लिपिड प्रोफाइलमधला सगळ्यात चंचल आकडा. त्याच माणसात, काही न बदलता, दोन तपासण्यांत वीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. जेवणानंतर तो चढतो आणि तीन ते पाच तासांनी शिखरावर असतो. अडीचचे वडापाव सातला नेमके त्या वेळेत बसतात. शिवाय रात्री खाल्लेलं तेच जेवण दिवसा खाल्लेल्यापेक्षा ट्रायग्लिसराइड जास्त वेळ चढं ठेवतं, कारण रात्रीच्या त्या वेळी इन्सुलिनचा परिणाम कमी असतो. दारूची भर वेगळी.

एलडीएलचा रकाना रिकामा का होता, हेही इथेच उलगडतं. बहुतेक प्रयोगशाळा एलडीएल मोजत नाहीत, काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र भरवशाचं राहत नाही.

इथे दोन मार्ग होते. एक म्हणजे ४१२ खरं मानून लगेच फेनोफायब्रेट, म्हणजे ट्रायग्लिसराइडची गोळी, सुरू करणं. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेल्यावर गांभीर्याने घ्यावा लागतो, आणि आकडा हजाराकडे जाईल तसा तो खूप वाढतो. ४१२ ला ती घाई नव्हती. दुसरा मार्ग म्हणजे नीट नमुना घेऊन मग ठरवणं. तो निवडला. पहिल्या पाळीच्या आठवड्यात, सलग चार रात्री घरी झोपल्यावर, मागचे तीन दिवस दारू नाही, रात्री साडेआठला नेहमीचं जेवण, सकाळी साडेआठला रक्त, आणि त्याआधी पंधरा मिनिटं शांत बसून. नेहमीचं जेवण मुद्दाम सांगितलं, कारण कोरड्या भाकरीवर घेतलेला आकडाही फसवा ठरला असता.

नवा रिपोर्ट: एकूण २१४, ट्रायग्लिसराइड २६८, एचडीएल ३२, एलडीएल १२८. औषध न घेता ट्रायग्लिसराइड १४४ ने उतरलं होतं. एचडीएल मात्र जिथल्या तिथे.

सोबत दुय्यम कारणं शोधणाऱ्या तपासण्या केल्या. थायरॉइड आणि किडनी ठीक. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ५.९, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्याच्या अलीकडे पण सामान्यही नाही. यकृताचं एएलटी किंचित वाढलेलं, सोनोग्राफीत यकृतावर हलकी चरबी.

सिगारेट, झोप आणि ताण रक्तातल्या चरबीपर्यंत पोचतात कसे

हे रुग्णाला कागदावर काढून दाखवलं होतं, आणि पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे राहिले.

निकोटीन, अपुरी झोप आणि सततचा ताण हे तिन्ही अॅड्रेनालिनचा जोर वाढवतात. अॅड्रेनालिन शरीरातल्या चरबीच्या पेशींना साठा सोडायला लावतं आणि त्यातून फॅटी अॅसिड रक्तात उतरतात. एरवी इन्सुलिन या सोडण्यावर लगाम ठेवतं. पण चार-पाच तासांच्या झोपेचे आठवडेच्या आठवडे गेले आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन नको त्या वेळी चढं राहिलं की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, आणि लगाम सैल पडतो. यातली बरीचशी फॅटी अॅसिड यकृतात जमा होतात. यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड करून व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरतं आणि परत रक्तात सोडतं. रिपोर्टवर वाढलेलं ट्रायग्लिसराइड दिसतं ते हे. उरलेलं यकृतातच साचतं आणि सोनोग्राफीत दिसतं.

एचडीएल का पडतं, हे त्याच्या पुढचं पाऊल आहे. रक्तात ट्रायग्लिसराइडने भरलेले कण जास्त झाले की एका प्रथिनामार्फत अदलाबदल होते: एचडीएल आपलं कोलेस्टेरॉल देतं आणि ट्रायग्लिसराइड घेतं. असे बदललेले एचडीएल कण लहान होतात आणि रक्तातून लवकर निघून जातात. म्हणून चढं ट्रायग्लिसराइड आणि पडलेलं एचडीएल ही जोडी बहुतेक वेळा एकत्रच सापडते. सिगारेटचा यावर आणखी एक वेगळा घाव असतो. एचडीएलचा कण पक्व करणाऱ्या एन्झाइमचं काम धुरामुळे मंदावतं. म्हणूनच झोप सुधारूनही धूर चालू राहिला तर एचडीएल फारसं वर येत नाही.

एलडीएलवर मात्र या तिघांचा परिणाम आकड्यात फारसा दिसत नाही. सिगारेट ओढणाऱ्याचं एलडीएल बऱ्याचदा न ओढणाऱ्याच्या आसपासच असतं. पण त्या एलडीएलचं ऑक्सिडेशन होतं, कण लहान आणि घट्ट होतात, रक्तवाहिनीचं आतलं अस्तर धुराने दुखावलेलं असतं आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. यातलं काहीही लिपिड प्रोफाइलवर छापून येत नाही. १२८ चं एलडीएल सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात जास्त घातक असतं, पण कागदावर ते १२८ च राहतं. हा धडा या प्रकरणात दोनदा उपयोगी पडला.

ताणाचा थेट परिणाम किती, यावर मी सावध राहतो. १९५८ मध्ये फ्रीडमन, रोझेनमन आणि कॅरल यांनी अमेरिकेतल्या लेखापालांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. कर भरण्याच्या अंतिम मुदतीच्या दिवसांत त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं, आणि आहार, वजन किंवा व्यायाम यांतल्या बदलाने ते समजावता आलं नाही. म्हणजे थेट परिणाम आहे. पण दवाखान्यात येणाऱ्या माणसात ताणाचा मोठा हिस्सा वळसा घालून येतो: वाढलेली सिगारेट, रात्रीचं खाणं, गोड चहा, बुधवारचं बसणं, चुकलेली झोप. या सुपरवायझरच्या बाबतीत तर हे फारच स्पष्ट होतं. कोर्टाची तारीख असलेल्या आठवड्यात सिगारेट बारावरून अठरावर जायची.

दुसरा निर्णय: सुरुवात कुठून?

तीन पर्याय मांडले. पहिला, सगळं एकाच सोमवारी बदलायचं. दुसरा, सिगारेट आधी, कारण हृदयाला सगळ्यात मोठा धोका तिचाच. तिसरा, तीन आठवडे झोप आणि चहा सावरायचा, मग सिगारेट सोडायची.

दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने मजबूत मुद्दा होता. सिगारेट सोडणं पुढे ढकलायचं कारण रुग्णाला नेहमीच सापडतं, डॉक्टरने आणखी एक हातात देऊ नये. पण त्यांनी याआधी दोनदा सिगारेट सोडली होती आणि दोन्ही वेळा तिसऱ्या पाळीत पहाटे तीनच्या सुमारास परत पेटवली होती. झोप मोडलेल्या मेंदूला तलफ आवरणं अवघड जातं. शिवाय निकोटीन सुटताना पहिले काही आठवडे झोप आणखी बिघडते. म्हणून तिसरा पर्याय निवडला, पण मुदत तीनच आठवड्यांची, आणि सिगारेट सोडण्याचा दिवस पहिल्याच भेटीत कॅलेंडरवर लिहून घेतला. तो पहिल्या पाळीच्या आठवड्याच्या सुरुवातीचा होता, म्हणजे सुरुवातीचे दिवस तरी रात्रीचं जागरण नको.

पत्नी सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “हे घोरतात फार, पण श्वास थांबल्यासारखं काही मी बघितलेलं नाही.” दिवसाची पेंग आणि ४१ सेंटिमीटरचा गळा धरून घरीच झोपेची तपासणी करून घेतली. तासाला श्वास अडण्याचे सरासरी नऊ प्रसंग आले, म्हणजे सौम्य स्लीप अॅप्निया. झोपेत श्वासाला मदत करणाऱ्या मशीनची गरज नव्हती. कुशीवर झोपणं, वजन थोडं कमी करणं आणि झोपेआधी दारू न घेणं एवढं पुरेसं होतं. हे तपासणं गरजेचं होतं, कारण मध्यम किंवा तीव्र अॅप्निया असता तर रात्रभर ऑक्सिजन वर-खाली होत राहतो आणि त्यानेही यकृतात चरबी तयार होणं वाढतं. मग पडदे लावून आणि फोन बंद करून काम भागलं नसतं.

काय केलं

झोपेसाठी तिसऱ्या पाळीच्या आठवड्याचा दिवस नव्याने आखला. सकाळी घरी आल्यावर पोहे किंवा भाकरी-भाजी, थोडंच, आणि नऊ वाजता झोप. मुलांना शाळेत सोडायचं काम त्या आठवड्यापुरतं आजोबांकडे. खिडकीला जाड काळा पडदा, कानात बोळे, फोन दुसऱ्या खोलीत. दुपारी एकपर्यंत झोप, आणि पाळीला निघण्याआधी संध्याकाळी सातच्या सुमारास दीड तासाची दुसरी झोप. सलग सात तास दिवसा मिळणार नाहीत हे मान्य करूनच ही आखणी केली. दोन तुकड्यांत साडेपाच तास झाली तरी साडेचारपेक्षा फार बरी.

जेवणाची वेळ हलवली. मुख्य जेवण पाळीला जाण्याआधी रात्री साडेनऊला. अडीचला कँटीनमध्ये वडापावऐवजी घरून नेलेली मुगाची उसळ किंवा उकडलेली अंडी आणि ताक. तेल-तूप बंद करण्याचा सल्ला रद्द केला. त्यांच्या ट्रायग्लिसराइडला चमचाभर तुपापेक्षा दिवसभराचा गोड चहा, रात्रीचा मैदा आणि दारू जास्त चढवत होते. चहा तीन कपांवर आणला आणि पहाटे तीननंतर बंद.

चहा कमी करण्यामागे एक कारण असं होतं जे सिगारेट सोडणाऱ्यांना क्वचितच कोणी सांगतं. तंबाखूच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम वेगाने काम करतं आणि कॅफीन लवकर संपवतं. धूर बंद झाला की काही दिवसांतच तो वेग उतरतो. तेवढाच चहा प्यायला तरी रक्तात कॅफीन जास्त राहतं: छातीत धडधड, चिडचिड, झोप नाही. माणसाला वाटतं ही सिगारेटची तलफ आहे, आणि तो परत पेटवतो. म्हणून सोडण्याच्या दिवसाआधीच चहा निम्म्याखाली आणला.

सिगारेटसाठी औषध निवडतानाही झोपेचाच विचार पुढे होता. ब्युप्रोपिऑन झोप उडवतं, म्हणून ते टाळलं. व्हॅरेनिक्लिन परिणामकारक आहे, पण विचित्र स्वप्नं आणि झोपमोड हा त्याचा नेहमीचा त्रास. ते दुसऱ्या फळीत ठेवलं. निकोटीनचा २१ मिलिग्रॅमचा पॅच, झोपून उठल्यावर लावायचा आणि पुन्हा झोपण्याआधी काढायचा, आणि तलफेच्या वेळी २ मिलिग्रॅमचं गम, असं ठरलं. गम कसं वापरायचं हे समोर करून दाखवलं. तोंडात झणझणलं की चावणं थांबवून ते गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचं, चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचं. पानासारखं सतत चावलं तर निकोटीन पोटात जातं, उचकी आणि जळजळ होते, तलफ तशीच राहते. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा नाही. पहाटे बोलायला कोण, हा प्रश्न होता. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक दिला, आणि त्या वेळेत ती बंद असेल म्हणून लाइनवरच्या एका सहकाऱ्याला विश्वासात घ्यायला सांगितलं.

ताणाबाबत प्राणायाम सुचवून थांबलो नाही. जमिनीचा वाद श्वासाने मिटत नाही. पण तो वाद झोपेत शिरत होता आणि ते थांबवता येण्यासारखं होतं. भावाशी आणि वकिलाशी बोलणं फक्त गुरुवारी सकाळी दहा ते अकरा. बाकीच्या वेळी आलेले फोन पत्नीने घ्यायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. आणि कंपनीला एक पत्र दिलं: पाळ्यांचा क्रम सरळ करावा, पहिलीनंतर दुसरी, मग तिसरी. शरीराला झोप पुढे ढकलणं सोपं जातं, अलीकडे ओढणं अवघड. दोन महिन्यांनी त्यांच्या लाइनपुरता तो बदल झाला.

तीन महिन्यांनी: रिपोर्ट आणि निराशा

सहाव्या आठवड्यात घसरण झाली. तिसऱ्या पाळीत मशीन बंद पडली, ग्राहक कंपनीचं ऑडिट दुसऱ्या दिवशी, आणि त्या रात्री चार सिगारेट ओढल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन केला. पॅच चालू ठेवायला सांगितलं, सोडण्याची नवी तारीख शोधायची नाही, त्याच दिवशी पुढे चालायचं. त्यानंतर सिगारेट नाही.

तिसऱ्या महिन्यातला रिपोर्ट, पहिल्या पाळीच्या आठवड्यातच घेतलेला: एकूण २०८, ट्रायग्लिसराइड २१४, एचडीएल ३५, एलडीएल १३०. वजन दोन किलोने वाढून ७८.

ते खूप हिरमुसले. “एवढं सगळं सोडलं आणि कोलेस्टेरॉल दोनने वाढलं,” म्हणाले. इथे धोका खरा होता. सिगारेट सोडल्याचा निकाल माणूस एलडीएलमध्ये शोधतो, तिथे तो सापडत नाही, आणि ‘मग काय उपयोग’ असं म्हणून पुन्हा ओढायला लागतो. सिगारेट सोडल्यावर एचडीएल सरासरी चारेक अंकांनी वाढतं, आणि ते काही आठवड्यांतच दिसू लागतं. एलडीएलमध्ये फारसा बदल होत नाही. हृदयविकाराच्या धोक्यात जी मोठी घट होते, ती बहुतेक रक्तवाहिनीच्या अस्तरामुळे आणि गोठण्याच्या प्रवृत्तीमुळे होते. त्यांना दाखवायला आकडा हवाच होता, म्हणून श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजून दाखवला. तो न ओढणाऱ्याइतका खाली होता. त्याने त्यांचा चेहरा जितका खुलला तितका कोणत्याही स्पष्टीकरणाने खुलला नव्हता.

एलडीएल दोनने वर का गेलं, याचंही उत्तर होतं. एवढा फरक मोजण्याच्या चढउतारातच मोडतो. शिवाय ट्रायग्लिसराइड उतरत असताना व्हीएलडीएलचे कण नीट रूपांतरित होऊन एलडीएल बनतात, त्यामुळे एलडीएल किंचित चढणं अपेक्षितच असतं.

वाढलेल्या दोन किलोंकडे मात्र लक्ष द्यावं लागलं. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात चार-पाच किलो वाढणं नेहमीचं आहे, आणि कमरेवरची वाढ ट्रायग्लिसराइडचा फायदा खाऊन टाकते. बिस्किटांची जागा शेंगदाणे आणि काकडीने घेतली, पण मुठीत मोजून. पाळी सुटल्यावर कंपनीच्या आवारातच पंचवीस मिनिटं चालणं ठरलं. बुधवारचं बसणं महिन्यातून एकदा, दोन पेगच्या आत. दारू पूर्ण सोडायला त्यांनी नकार दिला, आणि एकाच वेळी सगळं मागितलं असतं तर सिगारेट परत आली असती असं मला वाटलं. म्हणून तिथे ओढून धरलं नाही.

सहा महिन्यांनी: औषधाचा निर्णय

सहाव्या महिन्यात: एकूण १९४, ट्रायग्लिसराइड १६२, एचडीएल ३७, एलडीएल १२५. वजन ७४.५, कंबर ९१, रक्तदाब १२६/८०, एएलटी सामान्य, एचबीए१सी ५.६. साप्ताहिक झोपेची नोंद सरासरी साडेसहा तास.

ट्रायग्लिसराइड ४१२ वरून १६२. फेनोफायब्रेटची गोळी घ्यावी लागली नाही. पण त्या ४१२ पैकी १४४ तर नुसतं नीट नमुना घेतल्याने गेले होते. सवयींचा खरा वाटा २६८ वरून १६२ हा. हे वेगळं मांडणं महत्त्वाचं आहे, नाहीतर पुढच्या रुग्णाला खोटी आशा दिली जाते.

आता एलडीएल १२५. बरेच जण इथे थांबतात: सवयी सुधारल्या, आणखी सहा महिने बघू. या रुग्णासाठी ते पटलं नाही. सवयींनी जे हलायचं होतं ते हललं होतं, आणि एलडीएल त्यात कधी नव्हतंच. वडिलांना ५५ च्या आत हृदयविकार. पंधरा वर्षांचा धूर अंगात जमा. म्हणून लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएलसारखाच एक कण, एकदा तपासला. तो बहुतांशी जनुकांवर ठरतो आणि झोप, सिगारेट, आहार यांनी फारसा बदलत नाही. आला ६२ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर, ५० च्या वर म्हणजे वाढलेला. आधीचा सगळा इतिहास आणि हा आकडा एकत्र ठेवल्यावर स्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणारी गोळी, देण्याच्या बाजूने पारडं झुकलं.

त्यांना ते पटवणं सोपं नव्हतं. “सगळं पाळलं तरी गोळी?” हा प्रश्न योग्यच होता. उत्तर असं दिलं की पाळल्यामुळे त्यांची एक गोळी वाचली, साखरेचा आकडा मागे आला आणि धुराचा धोका उतरणीला लागला. ही दुसरी गोळी वडिलांकडून आलेल्या वारशासाठी आहे, त्यांच्या चुकीची शिक्षा नाही. रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम सुरू केलं. आठ आठवड्यांनी: एकूण १३४, एलडीएल ६८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १३८. स्नायूदुखी नाही, यकृत ठीक.

काय वेगळं करता आलं असतं

कँपच्या रचनेपासून सुरुवात करायला हवी. पाळीत काम करणाऱ्यांचं रक्त तिसऱ्या पाळीच्या शेवटी घेणं सोयीचं असतं, सगळे एकत्र सापडतात, पण लिपिडसाठी तो सगळ्यात वाईट वेळ. फॉर्मवर ‘उपाशीपोटी’च्या जागी ‘शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं’, ‘कोणती पाळी चालू आहे’ आणि ‘मागच्या तीन दिवसांत दारू’ हे तीन प्रश्न आले, तर अर्ध्या चुकीच्या घबराटी टळतील. कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे लिहून दिलं. पुढच्या वर्षी तपासणी पहिल्या पाळीत ठेवली गेली.

लायपोप्रोटीन-ए सुरुवातीलाच करायला हरकत नव्हती. आयुष्यात बहुधा एकदाच लागणारी तपासणी आहे आणि वडिलांचा इतिहास पहिल्याच भेटीत समोर होता. आधी केली असती तर सवयी बदलण्याचं महत्त्व कमी झालं नसतं, पण ‘पुढे कदाचित गोळी लागेल’ हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं, आणि सहाव्या महिन्यातला धक्का हलका झाला असता. उलट बाजूने असंही म्हणता येईल की ‘गोळी येणारच आहे’ हे कळल्यावर काही जण सवयींचा नाद सोडतात. माझा कल आधी तपासण्याकडे आहे, पण माणूस बघून.

दारूबद्दल पहिला प्रश्न पत्नीसमोर विचारला गेला तेव्हा उत्तर ‘कधीतरी’ असं आलं. खरा हिशेब नंतर, एकट्यात बोलताना निघाला. हा प्रश्न सुरुवातीलाच एकट्यात विचारावा. तंबाखू आणि मिश्रीबाबतही तेच.

सिगारेट सोडण्याचा दिवस तीन आठवडे पुढे ठेवण्याबद्दल माझे काही सहकारी असहमत आहेत. एखाद्या रुग्णाला छातीत दुखत असतं किंवा आधी हृदयविकार झालेला असता, तर मीही एक दिवस थांबलो नसतो. इथे दोन अपयशी प्रयत्न आणि पहाटेच्या तीनची नेमकी वेळ माहीत होती, म्हणून थांबणं योग्य वाटलं.

सध्या ते सिगारेटशिवाय आहेत आणि पॅच तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद झाला. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात झोप अजूनही साडेपाच तासांवर अडते, आणि जमिनीचा खटला चालूच आहे. पुढचा लिपिड प्रोफाइल सहा महिन्यांनी, पहिल्या पाळीच्या चौथ्या दिवशी, अशी तारीख त्यांनी स्वतःच पाळ्यांचा तक्ता बघून दिली आहे.